मॅनेजरची एक्झिक्युटिव्ह होते तेव्हा: वेर्ण्यातील एका नोकरीबदलाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण डिचोली तालुक्यातील एका मुलीचे आहे. गोवा विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर ती कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका लहान औषधनिर्मिती कंपनीत केमिस्ट म्हणून लागली आणि सात वर्षांत त्याच कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागात ‘असिस्टंट मॅनेजर’ झाली. त्यानंतर वेर्ण्याच्या एका मोठ्या कंपनीने तिला मुलाखतीस बोलावले, मुलाखत चांगली झाली, आणि ईमेलने आलेल्या पत्रात पद होते ‘एक्झिक्युटिव्ह’. पगार वर्षाला सहा लाख साठ हजारांवरून सात लाख वीस हजारांवर जाणार होता, तरीही घरात आनंदापेक्षा चिंता अधिक होती. वडिलांच्या दृष्टीने मुलगी मॅनेजर होती ती एक्झिक्युटिव्ह होत होती, म्हणजे एक पायरी खाली येत होती. तिच्या लग्नासाठी काढलेल्या बायोडाटातही ‘असिस्टंट मॅनेजर’ हे शब्द ठळक छापलेले होते, आणि ते बदलावे लागणार ही त्यांची रुखरुख मला अगदी समजण्यासारखी वाटली.

मी वीस वर्षांहून अधिक काळ औषध कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात काम केले आहे आणि या कुटुंबाशी आमचा जुना घरोबा आहे. पत्राला उत्तर देण्यासाठी पाच दिवसांची मुदत होती. त्या पाच दिवसांत आम्ही काय तपासले, कुठे चुकलो आणि शेवटी कशाच्या आधारे निर्णय घेतला, ते तिच्या संमतीने, नावे गाळून येथे मांडतो.

वडिलांचे म्हणणे आधी नीट समजून घेणे आवश्यक होते, कारण ते एका सार्वजनिक क्षेत्रातील बँकेतून निवृत्त झाले होते आणि पदनामाकडे पाहण्याची त्यांची सवय तिथेच घडली होती. सार्वजनिक बँकांत अधिकाऱ्यांच्या स्केल एक ते स्केल सात अशा श्रेणी सर्वत्र सारख्या असतात. नव्याने लागलेला अधिकारी स्केल एकमध्ये असतो आणि जनरल मॅनेजर स्केल सातमध्ये असतो. गंमत अशी, की तिथेही नावे सगळीकडे एक नाहीत: स्टेट बँकेत स्केल दोनच्या अधिकाऱ्याला डेप्युटी मॅनेजर आणि स्केल तीनच्या अधिकाऱ्याला मॅनेजर म्हणतात, तर बहुतेक इतर सरकारी बँकांत स्केल दोनलाच मॅनेजर म्हणतात. तरीही कोणाचा गोंधळ होत नाही, कारण नावाच्या मागे स्केलचा आकडा असतो आणि तो आकडा सगळ्यांना कळतो. हे मी मांडल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग हिच्या पत्रात तो आकडा कुठे आहे, तो दाखवा.” प्रश्न रास्त होता. खासगी औषध उद्योगात सर्व कंपन्यांना समान अशी श्रेणी नाही. प्रत्येक कंपनी आपली शिडी स्वतः बांधते, आणि ‘ऑफिसर’ हा शब्द एका कंपनीत ‘एक्झिक्युटिव्ह’च्या खाली असतो, तर दुसरीत वर.

माझी पहिली चूक इथेच झाली. दोन्ही शिड्यांच्या पायऱ्या मोजल्या की उत्तर मिळेल, असे मी गृहीत धरले. तिच्या जुन्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये सात माणसे होती आणि पायऱ्या चार होत्या: केमिस्ट, सीनियर केमिस्ट, असिस्टंट मॅनेजर आणि मॅनेजर. वेर्ण्याच्या कंपनीत त्याच विभागात साठेक माणसे होती आणि पायऱ्या नऊ होत्या: ट्रेनी, ऑफिसर, सीनियर ऑफिसर, एक्झिक्युटिव्ह, सीनियर एक्झिक्युटिव्ह, असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर, मॅनेजर आणि विभागप्रमुख असलेला सीनियर मॅनेजर. चारांतील तिसरी पायरी आणि नवांतील चौथी पायरी अशी तुलना करून मी तिला सांगितले, की वडील म्हणतात तेच बरोबर दिसते, तू खरोखरच खाली येत आहेस. दुसऱ्या दिवशी मला माझे म्हणणे मागे घ्यावे लागले. शिडीवरचे स्थान त्या शिडीपुरतेच खरे असते. चार पायऱ्यांच्या शिडीत एका पायरीवर जेवढे काम असते, ते नऊ पायऱ्यांच्या शिडीत दोन-तीन पायऱ्यांत वाटलेले असते, आणि कोणते काम कोणत्या पायरीवर आहे हे मोजणीतून कळत नाही.

तिला हे पद कसे मिळाले हेही मी विचारले. पाचव्या वर्षी तिने पगारवाढ मागितली होती. कंपनीला ती परवडत नव्हती, म्हणून महिन्याला अडीच हजार रुपये वाढवून सोबत असिस्टंट मॅनेजर हे पद दिले गेले. त्याच सुमारास एका मोठ्या ग्राहक कंपनीचे ऑडिट होते आणि विभागाच्या रचनेच्या तक्त्यात केमिस्ट आणि मॅनेजर यांच्यामध्ये रिकामी जागा दिसणे मालकांना नको होते. लहान कंपन्यांत हे सर्रास घडते आणि त्यात कोणाची फसवणूक असतेच असे नाही. जे द्यायला पैसा लागत नाही ते आधी दिले जाते. मात्र अशा रीतीने मिळालेल्या पदाबरोबर काम बदलले की नाही, हे वेगळे पाहावे लागते. तिचे काम दुसऱ्या दिवशीही तेच होते: औषधातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी या उपकरणावर नमुने लावणे, त्यातून निघणारे आलेख म्हणजे क्रोमॅटोग्राम वाचणे आणि नोंदवहीत आकडे उतरवणे.

म्हणून मी तिला सांगितले, की पदनाम बाजूला ठेवून गेल्या महिन्यात तू कोणकोणत्या कागदांवर सही केलीस आणि ती कोणत्या चौकटीत केलीस, ते आठवून लिही. औषध कंपनीत हे सहज आठवते, कारण प्रत्येक कागदाच्या तळाशी तीन चौकटी असतात: तयार केले, तपासले, मंजूर केले. कंपनीचा एकही कागद बाहेर आणायचा नाही, असे मी बजावले होते. तिने वहीच्या पानावर रिकाम्या चौकटी आखल्या आणि समोर फक्त कागदाचा प्रकार लिहिला. कच्च्या मालाचे चाचणी अहवाल: तयार केले. तयार गोळ्यांचे अहवाल: निम्मे तयार केले, निम्मे तपासले, कारण दोन नवे केमिस्ट तिच्या हाताखाली काम करत. एचपीएलसीच्या कॅलिब्रेशनची नोंद: तयार केले. एका बॅचचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला होता, ज्याला सगळे ‘ओओएस’ म्हणतात, त्याचा तपास अहवाल: तयार केले. ‘मंजूर केले’ या चौकटीसमोर पूर्ण पान रिकामे होते. ते पाहून तिचा चेहरा उतरला, आणि वडिलांनी पान उचलून दोनदा वाचले.

पदनामाचा अर्थ लावायला माझ्या मते हीच सर्वांत विश्वासार्ह रीत आहे: कोणते काम तुमच्या सहीने संपते आणि कोणते तुमच्या सहीनंतर आणखी कोणाकडे जाते, हे पाहावे. न्यायालयेही फार वेगळे करत नाहीत. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार एखादी व्यक्ती ‘कामगार’ ठरते की नाही हा प्रश्न सिबा गायगी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा १९८५ मध्ये न्यायालयाने पदाचे नाव न पाहता त्या व्यक्तीच्या कामाचा मुख्य हेतू कोणता, हे पाहिले होते.

पण सह्यांच्या या यादीत एक उणीव होती आणि ती तिसऱ्या दिवशी लक्षात आली. मी एका साधारण महिन्याविषयी विचारले होते. औषध कंपनीत प्रत्येकाच्या जबाबदारीचा लेखी कागद असतो, त्यावर तारखेसह सह्या असतात, आणि बहुतेक कंपन्यांत त्याच्या शेवटी एक ओळ असते: या व्यक्तीच्या अनुपस्थितीत तिची जबाबदारी कोणाकडे राहील. लोक ही ओळ वाचतही नाहीत. मी तिला विचारले, “तुमच्या मॅनेजरांच्या कागदात ती ओळ काय सांगते?” ती चटकन म्हणाली, “काका, तिथे माझंच नाव आहे.” त्या वर्षी मॅनेजर आईच्या आजारपणामुळे सलग अकरा दिवस गावी होते. त्या अकरा दिवसांत चाचणी अहवाल तिने मंजूर केले होते, एक ओओएस उघडण्याचा निर्णय तिने घेतला होता, आणि प्रयोगशाळेत चूक सापडली नाही तेव्हा नमुना पुन्हा तपासून विषय मिटवावा हा उत्पादन विभागाचा आग्रह तिने लेखी कारण देऊन नाकारला होता. हे तिने स्वतःहून सांगितले नव्हते, कारण तिच्या लेखी ते “साहेब नव्हते म्हणून केलेले” काम होते.

यात आणखी एक गोष्ट मिसळली. औषध नियम, १९४५ नुसार औषधांची चाचणी ज्यांच्या देखरेखीखाली होते त्या तज्ज्ञ व्यक्तींना परवाना देणारी यंत्रणा मान्यता देते. गोव्यात हे काम अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे आहे. कारखान्यांच्या भाषेत अशा व्यक्तीला ‘अप्रूव्ह्ड केमिस्ट’ म्हणतात. तिचे नाव उपकरणांवरील चाचण्यांसाठी मान्य झालेले होते. कंपनीतील कोणत्याही पदनामापेक्षा ही मान्यता अधिक बोलकी आहे, कारण ती देणारा कंपनीबाहेरचा असतो आणि शिक्षण व अनुभव पाहून देतो. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे: ती त्या कंपनीच्या परवान्याशी बांधलेली असते, माणूस नोकरी बदलतो तेव्हा आपोआप त्याच्यासोबत जात नाही, आणि नव्या कंपनीला त्याच्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.

आता दुसरी बाजू, म्हणजे वेर्ण्याच्या कंपनीतील ‘एक्झिक्युटिव्ह’चा अर्थ. पत्रात पदाशेजारी श्रेणीचा एक संकेतांक होता, पण कंपनीबाहेरच्या माणसाला त्यावरून काहीच कळत नव्हते. नोकरीच्या जाहिरातीत ‘टीम सांभाळण्याची क्षमता’ असे वाक्य होते, पण असे वाक्य जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असते. अशा वेळी “माझी भूमिका नेमकी काय असेल?” असे विचारले की गोड आणि गोल उत्तर येते. म्हणून आम्ही चार प्रश्न काढले, ज्यांचे उत्तर नाव, संख्या किंवा हो-नाही यांतच देता येईल. मी रोजचे काम कोणत्या पदावरील व्यक्तीला दाखवणार? वर्षअखेरीस किती जणांचे मूल्यमापन मी लिहिणार? चाचणी अहवालाच्या तीन चौकटींपैकी माझी सही कोणत्या चौकटीत असेल? आणि सात-आठ वर्षांचा अनुभव असलेले तुमचे सध्याचे लोक कोणत्या पदावर आहेत?

मनुष्यबळ विभागातील बाईंनी फोनवर तीन प्रश्नांची उत्तरे लगेच दिली. एक्झिक्युटिव्ह आपले काम शिफ्ट सांभाळणाऱ्या सीनियर एक्झिक्युटिव्हला दाखवतो. त्याच्या हाताखाली कोणी नसते. सात वर्षांचे लोक तिथे साधारणपणे एक्झिक्युटिव्हच आहेत. सहीच्या प्रश्नावर त्यांनी विभागाला विचारून कळवते असे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी कळवलेही: ‘तयार केले’. या एका उत्तराने चित्र स्पष्ट झाले. त्या कंपनीत एक्झिक्युटिव्ह हा अनुभवी विश्लेषक असतो आणि सीनियर एक्झिक्युटिव्ह हा सहा-सात विश्लेषकांची पाळी सांभाळून त्यांचे आकडे तपासणारा माणूस असतो. नावांत फरक एका ‘सीनियर’चा असला तरी कामांत फरक मोठा होता, आणि तिचे जुने काम त्या दोहोंच्या मध्ये, वरच्या बाजूला झुकलेले होते. पदनामांच्या ओळीत सर्वांत फसवी जागा मला हीच वाटते. ‘सीनियर’ हा शब्द काही ठिकाणी केवळ वर्षे मोजून मिळतो आणि काही ठिकाणी जबाबदारी बदलल्यावरच मिळतो, आणि पत्रावरून यांतले कोणते खरे हे कळायला मार्ग नसतो.

या टप्प्यावर पगार वाढवून मागावा असे तिच्या मैत्रिणींचे मत होते. माझे मत वेगळे होते आणि ते मी आग्रहाने मांडले. पगार त्या श्रेणीच्या मर्यादेत थोडा हलतो आणि पुढच्या वर्षीही हलू शकतो. पण ज्या पायरीवर माणूस आत येतो, तिच्यापासून पुढच्या बढतीची वर्षे मोजली जातात, आणि आत गेल्यावर ती पायरी बदलून घेणे फार अवघड असते. म्हणून तिने पैशाविषयी काही न लिहिता श्रेणीचा फेरविचार करण्याची विनंती केली. “मी सध्या असिस्टंट मॅनेजर आहे, त्यामुळे मला कमी पद देऊ नये” हे वाक्य तिच्या पहिल्या मसुद्यात होते, ते आम्ही काढले. समोरच्या माणसाला लहान कंपन्यांतील पदे कशी मिळतात हे पुरेपूर ठाऊक असते आणि त्या वाक्याने उलट शंका वाढते. त्याऐवजी तिने चार गोष्टी लिहिल्या: दोन केमिस्टांचे अहवाल ती तपासते, मॅनेजरच्या अनुपस्थितीत लेखी अधिकाराने अहवाल मंजूर करते, उपकरणांवरील चाचण्यांसाठी तिला प्रशासनाची मान्यता आहे, आणि त्या वर्षातील ओओएस तपास तिने स्वतः हाताळले आहेत. औषधाचे, ग्राहकाचे किंवा बॅचचे नाव कुठेही नव्हते.

कंपनीने नकार दिला नाही, पण लगेच होकारही दिला नाही. आतल्या सात वर्षांच्या लोकांना काय सांगायचे, ही त्यांची अडचण खरी होती. मी त्या खुर्चीत बसलेलो असल्याने ती मला ठाऊक आहे. त्यांनी विभागप्रमुखांसोबत दुसरी तांत्रिक मुलाखत ठेवली. ती पाऊण तास चालली, आणि तिच्या सांगण्यानुसार त्यातील निम्मा वेळ त्या अकरा दिवसांवर गेला. पुन्हा चाचणी करण्यास तिने नकार का दिला, कोणते कारण लिहिले, उत्पादन विभागाला काय उत्तर दिले, हे त्यांनी खोदून विचारले. त्यानंतर सुधारित पत्र आले: पद सीनियर एक्झिक्युटिव्ह, पगार सात लाख पन्नास हजार, म्हणजे त्या श्रेणीच्या तळाशी, आणि विभाग एचपीएलसीच्या मुख्य प्रयोगशाळेऐवजी स्टॅबिलिटी, जिथे औषधे ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत महिनोन्‌महिने ठेवून त्यांचा टिकाऊपणा तपासतात. तिला मुख्य प्रयोगशाळा अधिक आवडली असती. तरी तिने पत्र स्वीकारले, कारण सहीच्या प्रश्नाचे उत्तर या वेळी पत्रासोबत लेखी आले होते: ‘तपासले’.

नोकरी सोडताना एक मोह झाला, तोही नोंदवतो. नव्या सीव्हीत जुने पद ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह समकक्ष’ असे लिहावे, म्हणजे पुढे कोणाचा गोंधळ होणार नाही, असे तिच्या एका सहकाऱ्याने सुचवले. हे करू नये. मोठ्या कंपन्या नेमणुकीच्या वेळी पूर्वीच्या नोकरीची पडताळणी बाहेरच्या संस्थेकडून करून घेतात, ती संस्था जुन्या कंपनीकडून पद व तारखा मागवते, आणि रिलीव्हिंग लेटरवरील शब्दांशी सीव्हीतील शब्द जुळले नाहीत तर त्याची नोंद विसंगती म्हणून होते, मग हेतू कितीही चांगला असो. पद अक्षरशः जसे होते तसेच राहिले: असिस्टंट मॅनेजर, क्वालिटी कंट्रोल. त्याखाली एक ओळ आली: सात जणांचा विभाग, दोन केमिस्टांच्या कामाची तपासणी, मॅनेजरच्या अनुपस्थितीत अहवाल मंजुरीची जबाबदारी. सात जणांचा हा आकडा तिला सुरुवातीला कमीपणाचा वाटत होता. पण वाचणाऱ्याला तोच आकडा पदनामाचे माप देतो, आणि तो लपवलेला दिसला तर अनुभवी माणूस पद त्याहूनही लहान समजून वाचतो.

वेर्ण्यात रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे तिला कोणत्याच चौकटीत सही करता आली नाही. पद काहीही असो, तिथे प्रत्येक नव्या विश्लेषकाला एकेका तंत्रात नमुने तपासून दाखवावे लागतात आणि निकाल जुळल्यावरच स्वतंत्र काम मिळते. प्रशासनाच्या मान्यतेसाठीही तिच्या नावाचा अर्ज नव्याने गेला. हाताखालच्या पाच जणांपैकी दोघे वयाने तिच्याहून मोठे आहेत आणि एक्झिक्युटिव्ह आहेत, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना तिला सांभाळून घ्यावे लागते. गेल्या चतुर्थीला ती घरी आली तेव्हा मी विचारले, की तुमच्या असिस्टंट मॅनेजरांच्या कागदात ती शेवटची ओळ काय सांगते. ती म्हणाली, की तिथे सध्या दुसऱ्या शिफ्टच्या सीनियर एक्झिक्युटिव्हचे नाव आहे, आणि तो कागद दर दोन वर्षांनी नव्याने लिहिला जातो. वडिलांनी बायोडाटा बदलून आणला आहे. त्यात पदाऐवजी आता एवढेच लिहिले आहे, की मुलगी वेर्ण्याच्या औषध कंपनीत स्टॅबिलिटी विभागाची शिफ्ट सांभाळते.